पाहुण्याची आई गेली, त्याला काय लिहायचं

भाऊ,

तू पाठवलेला मसुदा वाचला. पाठवण्याआधी विचारलंस हे बरं झालं, कारण तो जसाच्या तसा गेला असता तर त्या माणसाला लॉजचं पत्रक मिळालं असतं. आधी तुझा मसुदा इथे उतरवतो, म्हणजे ओळीओळीवर बोलता येईल.

"भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून आमच्या हॉटेल परिवारास तीव्र दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणांस हे दुःख सहन करण्याची शक्ती देवो. आपण आमचे मूल्यवान ग्राहक आहात. आपली १८ तारखेची रूम रद्द करण्यात आली असून अ‍ॅडव्हान्स पुढील मुक्कामात वळता करण्यात येईल. आपल्या पुनरागमनाच्या प्रतीक्षेत. एसी, नॉन एसी रूम, स्टेशनपासून दोन मिनिटे."

त्याखाली दोन हात जोडलेले, तीन फुलं आणि लॉजचा लोगो.

शब्दांकडे वळण्याआधी एक खात्री करून घे. ही बातमी तुला कोल्ड स्टोरेजच्या सुपरवायझरकडून कळली, पाहुण्याकडून नाही. आपल्याकडे बातमी तोंडातोंडी फिरताना नातं बदलतं. "मोठी आई गेली" म्हणजे चुलती; दोन माणसांच्या तोंडून फिरली की तिची "आई" होते. सासू गेली असेल तर "त्यांच्या घरी आई वारल्या" असंही कोणी सांगतं, कारण घरात तिला आईच म्हणतात. म्हणून सुपरवायझरला परत फोन लाव आणि तीनच गोष्टी विचार: नेमकं कोण गेलं, कधी गेलं, आणि पाहुण्याचा नेहमीचा नंबर सध्या त्यांच्याकडेच आहे की दुसऱ्या कोणाकडे. कशाने गेल्या, हे विचारू नकोस. ते तुला संदेशात लिहायचं नाहीये, आणि विचारलंस तर संध्याकाळपर्यंत ते काउंटरवरच्या पोराला माहीत होतं.

तिसरा प्रश्न तुला फालतू वाटेल, पण सगळ्या मजकुराचं माप त्यावर ठरतं. पहिले चार-पाच दिवस मयताच्या घरी फोन घरधन्याच्या हातात क्वचितच असतो. पुतण्या, मेहुणा, शेजारचा पोरगा असं कोणीतरी तो सांभाळत असतं आणि आलेले संदेश मोठ्याने वाचूनही दाखवतं. म्हणजे तू लिहिशील ते बायको ऐकेल, भाऊ ऐकतील, आत्या ऐकेल. लॉजवाल्याला हे इतर कोणापेक्षा जास्त सांभाळावं लागतं. पाहुणा कोणत्या तारखेला आला, कोणासोबत आला, रात्री किती वाजता परतला, हे सगळं आपल्याला माहीत असतं, आणि ते त्याच्या घरी माहीत असेलच असं नाही. "मागच्या महिन्यात आपण दोघं आला होतात तेव्हाच..." असं एखादं भाबडं वाक्य दुखवट्याच्या घरात भांडण लावू शकतं. तेव्हा मागच्या मुक्कामाची तारीख, सोबतचा माणूस, खोली नंबर, यातलं काही संदेशात येऊ देऊ नकोस.

तसंच रजिस्टरमधला पत्ता. ओळखपत्राची झेरॉक्स आपण घेतो ती पोलिसांच्या नियमापायी. त्यावरचा पत्ता पाहून घरी पत्र धाडणं किंवा पुष्पचक्र पाठवणं हे माझ्या मते चुकीचंच. त्याने ज्या नंबरावरून तुझ्याशी बोलणं ठेवलंय, त्याच नंबरावर लिही. कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल, त्यात तुला घेतलेलं असेल, तरी तिथे टाकू नकोस.

आता मसुदा. "भावपूर्ण श्रद्धांजली" ही गेलेल्या माणसाला वाहतात, ती फलकावर आणि पेपरातल्या चौकटीत शोभते. तुझा संदेश वाचणार आहे तो मागे राहिलेला माणूस. त्याचं सांत्वन करायचं आहे, त्याच्या आईला तू ओळखतही नव्हतास. दुसरं, "मृतात्म्यास". हा शब्द छापील शोकठरावातला आहे. ज्याने काल आईला खांदा दिलाय त्याला आई "मृतात्मा" म्हणून नको असते. "मातोश्री" चुकीचं नाही, पण तू त्या माणसाशी रोज ज्या भाषेत बोलतोस तिच्यात तो शब्द नाही. तू "साहेब, आईंची तब्येत कशी आहे?" असं विचारायचास ना? मग "आई गेल्या" असंच लिही. दुसऱ्याच्या आईला आदराचं बहुवचन लाव, एवढं पुरे. "एक्सपायर झाल्या" आपण बोलताना सर्रास म्हणतो, लिहिताना ते औषधाच्या पाकिटासारखं दिसतं.

"ईश्वर शांती देवो" यावर जरा थांबतो, कारण इथे चांगली माणसंही घसरतात. पाहुण्याच्या घरचे संस्कार तुला आडनावावरून कळत नाहीत. आपल्याकडे पाटील म्हटलं तर लेवा आहेत, मराठा आहेत, गुजर आहेत. बौद्ध घरात "कै." लावलेलं खटकतं, तिथे "कालकथित" म्हणतात आणि तेराव्याऐवजी पुण्यानुमोदन असतं. वारकऱ्यांच्या घरी "वैकुंठवासी", मुसलमानांत "मरहूम", मारवाडी-जैन घरात दिवसांऐवजी उठावण्याची तारीख. हे सगळं शब्द वापरायला म्हणून शिकायचं नाही. घरून आलेल्या निरोपात जो शब्द आहे तो ओळखता यावा आणि चुकीचा आपल्याकडून जाऊ नये, एवढ्यापुरतं. शंका असेल तिथे देवाधर्माचं वाक्यच गाळ. ते नसल्यामुळे कोणी रागावत नाही.

"मूल्यवान ग्राहक", "हॉटेल परिवार", "पुनरागमनाच्या प्रतीक्षेत" आणि स्टेशनपासूनची दोन मिनिटं. ही चारही वाक्यं काढून टाक, त्यांच्यावर बोलत बसत नाही. फक्त "परिवार" या शब्दाबद्दल एक सांगतो: दुःख माणसाला होतं, चौदा खोल्यांना होत नाही. संदेश तुझ्या नावाने जाऊ दे.

मग उरलं काय? तुला त्या माणसाबद्दल ठाऊक असलेली एक खरी गोष्ट. तूच मागे म्हणाला होतास की हा माणूस दर तिसऱ्या आठवड्याला सावदा-रावेरकडची केळी पिकवण्याची चेंबर दुरुस्त करायला येतो, आणि परत जाताना आईसाठी केळीचे वेफर्स घेऊन जातो, बिनतिखटाचे. हे त्याने स्वतः काउंटरवर उभं राहून, चार माणसांसमोर सांगितलेलं आहे. रजिस्टरमधून काढलेलं नाही, आणि घरात मोठ्याने वाचलं तरी कोणाला खुपणार नाही. कोणती आठवण चालते याची कसोटी हीच ठेव: त्याने आपण होऊन सांगितलेली हवी, आणि गेलेल्या माणसाशी जोडलेली हवी. अशी काही आठवण नसेल तर बनवू नकोस. "त्या फार प्रेमळ होत्या" असं न भेटलेल्या बाईबद्दल लिहिलं की खोटं लगेच कळतं.

सगळं मिळून असं होईल:

"साहेब, आई गेल्याचं आज सकाळी कळलं. फार वाईट वाटलं. दर फेरीला त्यांच्यासाठी बिनतिखटाचे वेफर्स आठवणीने न्यायचात, ते सारखं डोळ्यांसमोर येतंय. १८ तारखेच्या कामाची खोली मी काढून टाकली आहे, तिकडचा विचार करू नका. या मेसेजला उत्तर द्यायची गरज नाही."

खाली तुझं नाव, आणि नावाखाली "भुसावळ, लॉज" एवढंच, म्हणजे फोन ज्याच्या हातात आहे त्यालाही कळेल कोण ते. सहा-सात ओळी. फोन न सरकवता एका नजरेत मावेल इतकाच मजकूर असावा.

खोलीची ओळ ठेवू का गाळू, असं तू विचारशील. मी ठेवतो, पण ती तारीख जवळ आहे म्हणूनच. पुढच्या आठवड्याचं बुकिंग असलं की माणसाच्या डोक्यात कुठेतरी ते टोचत असतं, आणि कोणाला तरी फोन करून रद्द करायला सांगावं लागतं. ते एक काम तू कमी करतोस. "१८ तारखेच्या कामाची" असं लिहिलं, कारण घरात वाचताना मुक्कामापेक्षा काम म्हटलेलं बरं. बुकिंग महिनाभर पुढचं असतं तर ही ओळ मी लिहिली नसती.

अ‍ॅडव्हान्सचा उल्लेख मात्र कुठेच नको. हजार रुपये पुढच्या मुक्कामात वळते करतो म्हणणं म्हणजे मयताच्या घरी हिशोबाची वही उघडणं, आणि वर पुढच्या वेळी याच, असं बांधून घेणं. पैसे सरळ परत कर, ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर, संदेशानंतर एक-दोन दिवसांनी, दुपारी, आणि पैसे पाठवताना शेऱ्याच्या चौकटीत काही न लिहिता. तू जीएसटीत नोंदणी केलेली असेल आणि अ‍ॅडव्हान्सची पावती फाडली असेल तर रिफंड व्हाउचर करावं लागतं. ते अकाउंटंटकडून करून फाइलला लाव. सॉफ्टवेअरमधून त्याची पीडीएफ पाहुण्याच्या फोनवर आपोआप जात असेल तर ती आधी थांबव. बुकिंग अ‍ॅपवरून आलेलं असेल तर रद्द करण्याची फी माफ करतो हे तुला त्या अ‍ॅपच्या लोकांना कळवावं लागेल. पाहुण्याला त्यात ओढू नकोस.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त फजिती होते तिकडे येतो. ती तुझ्या शब्दांत नाही, फोनमध्ये आहे. लॉजच्या नंबराला तू व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलंय आणि त्यात स्वागताचा आपोआप जाणारा निरोप लावलाय. हा निरोप नवीन माणसाने लिहिलं की जातो, आणि जुन्या माणसाशी चौदा दिवस काहीच बोलणं झालं नसेल तर त्याने लिहिल्यावरही जातो. तुझा पाहुणा दर तिसऱ्या आठवड्याला येतो, म्हणजे एकवीस दिवसांनी. आता त्यानेच जर लिहिलं, "आई गेली, १८ ला येत नाही," तर त्याला काही सेकंदांत उत्तर मिळणार: "नमस्कार! आपले हार्दिक स्वागत आहे, आमचे आजचे दर पुढीलप्रमाणे." हे घडल्यावर मागून कितीही चांगलं लिहिलंस तरी ते वर तसंच दिसत राहतं.

म्हणून आजच `Business tools` मध्ये जा, `Greeting message` उघड, आणि `Recipients` मध्ये `Everyone not in address book` निवड. नेहमीचे पाहुणे फोनमध्ये नावाने साठवलेले असतात, त्यांना मग तो निरोप जाणार नाही. एकट्यालाच वगळायचं तर `Everyone except…` आहे. काउंटर बंद असताना जाणारा `Away message` असेल तर त्यातही हेच कर. त्यानंतर ब्रॉडकास्ट यादीतून त्याचं नाव काढ. सणाच्या शुभेच्छा, ऑफर, "आमच्या सेवेला पाच तारे द्या", हे सगळं त्याच यादीतून जातं. निदान पुढचा सण जाऊ दे, मग परत घाल. आणि लॉजच्या प्रोफाइलच्या चित्रावर सवलतीचा फलक लावलेला असेल तर तो उतरव, कारण ते चित्र तुझ्या संदेशाच्या शेजारीच दिसतं.

स्वतःच्या नंबरावरून पाठवावा का? त्याच्याकडे तुझा नंबर नसेल तर तो अनोळखी दिसेल. तो लॉजच्या नंबरावर बोलत आला असेल तर त्याच नंबरावरून, पण तुझ्या हाताने टाइप करून पाठव. संदेश गेल्यावर चूक दिसली, समज नातंच चुकलं, तर पंधरा मिनिटांपर्यंत मजकूर दुरुस्त करता येतो. दुरुस्त केलेला आहे अशी खूण दिसते, दिसू दे. डिलीट करून परत पाठवलास तर तिथे "मेसेज डिलीट केला" अशी ओळ राहते आणि घरचे विचार करत बसतात की काय लिहिलं होतं. निळी खूण दिसूनही उत्तर आलं नाही तर परत लिहू नकोस. तूच लिहिलंयस की गरज नाही.

वेळ सकाळची बरी, नऊनंतर. कळलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाठव. फोन पहिल्या दिवसांत नको. उशिरा कळलं, महिनाभराने कळलं, तरी लिही. "आत्ताच कळलं" एवढं पुरतं, उशिराची कारणं देत बसू नये.

हा पाहुणा पुण्याकडचा आहे, म्हणून संदेशावर भागतं. तोच धुळ्याचा, पारोळ्याचा, चोपड्याचा असता तर मी तुला म्हटलं असतं, लिहीत बसू नकोस, दारावर जाऊन ये. आपल्याकडे दारावर जाणं हेच सांत्वन. दहा मिनिटं बसायचं, पाण्याचा घोट घ्यायचा आणि उठायचं. हातात मिठाईचा पुडा नको, लॉजची डायरी नको. गंधमुक्तीची पत्रिका आली तर जायचं की नाही ते ओळखीवर ठरव. दर तिसऱ्या आठवड्याचा पाहुणा असेल तर मी जाईन.

"काही लागलं तर हक्काने सांगा" हे वाक्य तुझ्या मसुद्यात नव्हतं, पण दुसऱ्या वेळी घालावंसं वाटेल. लॉजवाल्याने ते मोघम लिहू नये. मयताचं घर आपल्याच गावात असेल आणि नातेवाईक रेल्वेने येणार असतील तर तुझ्याकडे द्यायला खरंच काहीतरी आहे. तेव्हा नेमकं लिही: "उद्या दुपारपासून परवा सकाळपर्यंत खालच्या दोन खोल्या रिकाम्या ठेवतो, पाहुण्यांना टेकायला. भाडं घ्यायचं नाही." भाडं घ्यायचं असेल तर ते वाक्य लिहूच नकोस, आणि खोल्या मागितल्या तर नेहमीच्या दराने दे. अर्धवट ठेवलंस तर ते फुकट समजतात, तू बिल लावतोस, आणि दुखवट्यात तोंडं वाकडी होतात.

आई-वडिलांऐवजी घरातलं तरुण कोणी किंवा मूल गेलं असेल तर आठवणीची ओळही गाळ. "कळलं. काय बोलावं सुचत नाही. खोलीचं मी बघितलं आहे." एवढंच. "देवाची इच्छा", "वय झालं होतं", "सुटल्या बिचाऱ्या" यातलं काहीही आपण म्हणायचं नसतं. घरच्यांनी म्हटलं तर मान हलवावी. अपघात असेल किंवा जिवाचं बरंवाईट करून घेतलेलं असेल, तर "पेपरात वाचलं" असंसुद्धा लिहू नकोस. "कळलं" हा शब्द पुरतो.

व्हॉट्सअ‍ॅप न वापरणारा एखादा जुना पाहुणा असतो, त्याला पत्र लिहावं लागतं. पत्ता त्याने स्वतः दिलेला असला तरच. लॉजचं लेटरहेड वापरू नकोस, कारण त्यावर डोक्याला "॥ श्री गणेशाय नमः ॥" छापलेलं आहे. दुःखाच्या पत्रावर वर "श्री" लिहीत नाहीत, हे जुन्या माणसांच्या डोळ्यांना लगेच दिसतं. कोरा कागद, निळी किंवा काळी शाई, लाल नाही. खाली ता. क. नको.

आता तो परत येईल तेव्हाचं. दीड-दोन महिन्यांनी कधीतरी येईल, आणि डोक्याचे केस नुकते उगवत असतील. काउंटरवरचं पोरगं हसून म्हणेल, "काय साहेब, तिरुपतीला जाऊन आले का?" हे होतंच. म्हणून तो येण्याच्या आदल्या दिवशी काउंटरवरच्या दोघांना आणि खोली झाडणाऱ्या मावशींना तोंडी सांगून ठेव: साहेबांची आई वारली, आपण होऊन विषय काढायचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये पाहुण्याच्या नावापुढे शेरा लिहून ठेवायचा मोह होईल. आधी एक कोरं बिल छापून बघ, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये तो शेरा बिलावर किंवा चेक-इनच्या चिठ्ठीवर उमटतो.

तू स्वतः भेटलास तर चावी देताना "या साहेब" म्हण आणि क्षणभर थांब. त्याला बोलायचं असेल तर तो तिथेच बोलेल. नसेल तर वर जाईल. आणि वेफर्सचं पाकीट आणून खोलीत ठेवायची कल्पना तुझ्या डोक्यात येईल, मला माहीत आहे. ठेवू नकोस. या वेळी तो वेफर्स घेतो की नाही, हे त्याचं त्यालाच त्या दुकानासमोर उभं राहून ठरवू दे.

तुझा,
काका